अण्णांचं चार घासात पोट भरतंय

डॉक्टरकाका नमस्कार, अण्णांबद्दल लिहितेय. दिवाळीत त्यांचं वजन ७१ होतं, आषाढीला घरी गेले तेव्हा केलं तर ६२.५. जेवायला हाक मारायच्या आधीच पाटावर येऊन बसतात, म्हणजे भूक लागते, पण चार-पाच घास झाले की "बास, पोट भरलं" म्हणतात आणि अर्धी भाकरी ताटात तशीच राहते. पूर्वी तीन भाकऱ्या खायचे हे तुम्हाला माहीतच आहे. उलटी नाही, दुखत नाही, ढेकर खूप येतात. शिमग्याच्या सुमारास दादाने तिकडच्या हॉस्पिटलात दुर्बीण करून आणली, रिपोर्टमध्ये सूज आहे एवढंच आलं, बाकी नॉर्मल. सोनोग्राफी पण नॉर्मल. ॲसिडिटीची गोळी त्याआधीपासूनच रोज चालू आहे. शुगर मात्र एकदम छान झालीय, तीन महिन्यांची ७.९ होती ती ६.३ आली, त्यामुळे दादा म्हणतो वजन उतरलं ते चांगलंच झालं, रिटायर झाल्यापासून डोक्यात विचार असतात म्हणून जेवण कमी झालंय. अण्णा म्हणतात नळी परत घालून घेणार नाही. त्यांच्या पट्ट्याला तीन नवीन भोकं पाडलीत काका. मी पुण्यात बसून उगाच घाबरतेय का? काय करू सांगा.

---

अगं, उगाच नाही घाबरत आहेस. पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात आधी एक काम, बाकीचं नंतर निवांत वाच. अण्णांच्या शुगरच्या गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी दोन नावं एकत्र असणार, मीच दोन वर्षांपूर्वी लिहून दिलीय ती. ती उद्या सकाळपासून बंद कर. आत्ताच दादाला फोन करून सांग. ती गोळी तीन भाकऱ्या खाणाऱ्या माणसासाठी होती, आता तो माणूस अर्धी भाकरी खातोय आणि गोळी तेवढीच आहे. ग्लिमेपिराइड हे जेवण झालंय की नाही हे न बघता इन्सुलिन सोडायला लावतं, म्हणजे एखाद्या रात्री शुगर ५०पर्यंत उतरून माणूस घामाघूम होऊन बाथरूममध्ये पडतो आणि घरच्यांना वाटतं झटका आला. घरी मशीन आहे ना, सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणाआधी बघा आणि वहीत लिहा. ७०च्या खाली आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि मला फोन, सलग २५०च्या वर जायला लागली तरी फोन. बीपीची गोळी पण मी बघणार आहे, साडेआठ किलो उतरलेल्या माणसाला जुना डोस बऱ्याचदा जास्त होतो. उठताना अंधारी येते का ते विचार त्यांना, स्वतःहून सांगणार नाहीत.

आणि ते ६.३. त्याचा आनंद दादाला झाला, मी समजू शकतो, कारण आम्ही डॉक्टर लोकच सारखं वजन कमी करा शुगर उतरवा म्हणत असतो. पण अण्णांनी ना चालणं वाढवलं ना भात सोडला. शुगर सुधारली कारण पोटात काही जातच नाहीये. ७१ मधून साडेआठ म्हणजे १२ टक्के झाले, आठ महिन्यांत. न ठरवता सहा-बारा महिन्यांत ५ टक्के उतरले तरी आम्ही कारण शोधायला लागतो. इथे दुपटीच्या वर गेलंय, आणि वय ६६. त्यामुळे रिटायरमेंटचं टेन्शन वगैरे आत्ता बाजूला ठेवायचं. टेन्शनने जेवण जातं हे खरं आहे, पण तेव्हा मुळात भूकच मरते, माणूस ताटावर यायलाच कंटाळतो.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ तीच आहे, की हाक मारायच्या आधी येऊन बसतात आणि चार घासात बास म्हणतात. पेशंट येऊन "जेवण जात नाही" एवढंच सांगतो आणि आम्ही भूक वाढवायचं सिरप लिहून मोकळे होतो. पण भूक नसणं वेगळं आणि भूक असून जागा नसणं वेगळं. जठर रिकामं असतं तेव्हा जेमतेम मुठीएवढं असतं. पहिला घास गिळला की त्याचा वरचा भाग आपोआप सैल पडतो, पिशवीचं तोंड उघडून धरावं तसं, आणि मग लिटर-दीड लिटरपर्यंत आरामात मावतं, आतला दाब न वाढता. म्हणून तिसऱ्या भाकरीपर्यंत आपल्याला पोट भरल्याचं कळत नाही. अण्णांना चौथ्या घासालाच कळतंय, म्हणजे ही पिशवी एकतर ताणली जात नाहीये, नाहीतर आधीचंच अन्न खाली न सरकता पडून आहे, नाहीतर बाहेरून काहीतरी तिला दाबतंय.

बाहेरून दाबणारं म्हणजे वाढलेली पानथरी, पोटातलं पाणी, मोठं झालेलं लिव्हर. हे सोनोग्राफीत सहसा दिसतं आणि अण्णांच्या सोनोग्राफीत तसं काही नाही, तेव्हा ते मागे टाकू. स्वादुपिंडाचं मात्र मी मनात ठेवलंय कारण गॅसमुळे सोनोग्राफीत ते नीट दिसतंच असं नाही, ते सीटीत बघू.

अन्न पडून राहण्याची गोष्ट घरी थोडी तपासता येते. जठराचं खालचं दार जुन्या अल्सरमुळे आकसलं असेल, किंवा तिथे गाठ असेल, किंवा टीबी असेल (आपल्याकडे तो आतड्याच्या सुरुवातीलाही होतो, विसरायचा नाही), तर सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी उलटीत जसंच्या तसं पडतं. कालच्या जेवणातली मटकी आज ओळखू येते इतकं. अण्णांना उलटीच नाही म्हणतेस. तरी दादाला एक करायला सांग. जेवून चार तास झाले की अण्णांना आडवं झोपवायचं, मधे पाणीसुद्धा प्यायचं नाही, बेंबीच्या वरच्या बाजूला कान लावायचा आणि दोन्ही कमरेला धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवायचं. अर्ध्या भरलेल्या घागरीसारखं खळखळ वाजलं तर चार तासांनंतरही आत पाणी-अन्न साचलंय. नाही वाजलं म्हणून दार मोकळंच आहे असं नाही, पण वाजलं तर मला लगेच हवंय, कारण मग तपासणीच्या तयारीतच फरक पडतो. मधुमेहात जठराच्या नसा सुस्तावतात त्यानेही अन्न पडून राहतं. पण ते सहसा बरीच वर्षं वाईट राहिलेल्या शुगरमध्ये, पायाच्या मुंग्या-डोळ्याचा पडदा वगैरे सगळा लवाजमा घेऊन येतं. अण्णांची नऊ वर्षांची आणि बऱ्यापैकी सांभाळलेली शुगर आहे. शिवाय तो शिक्का मारायच्या आधी आत अडथळा नाही हे डोळ्यांनी बघावंच लागतं, आधी शिक्का मारून चालत नाही.

राहिली न ताणली जाणारी पिशवी. याचा एक साधा प्रकार आहे, तपासणीत सगळं ठीक असतं पण जठर सैलच पडत नाही, त्याला आम्ही फंक्शनल म्हणतो. हा खूप लोकांना असतो आणि त्याने माणूस दगावत नाही. अण्णांना तोच असेल तर मी पेढे वाटीन. पण ६६व्या वर्षी पहिल्यांदा सुरू झालेलं आणि १२ टक्के वजन नेलेलं दुखणं फंक्शनल म्हणायचं असेल तर बाकी सगळं नाकारून शेवटी म्हणायचं. आणि दुसरा प्रकार, ज्यासाठी हे एवढं लांबलचक लिहितोय, तो म्हणजे जठराच्या भिंतीतच काहीतरी पसरून ती कडक झालेली असणं.

तू म्हणशील दुर्बीण तर झाली ना, नॉर्मल आली. दादाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला तो रिपोर्ट मी काढून पाहिला. एक पान आहे, चार फोटो. सूज लिहिलीय. जंतूसाठी एक तुकडा घेतला ती टेस्ट निगेटिव्ह लिहिलीय, आणि तेव्हा ते आधीच ॲसिडिटीची गोळी घेत होते, त्या गोळीवर असताना ती टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. बायोप्सी पाठवलेली नाही. आणि हवा भरल्यावर जठर फुगलं की नाही याबद्दल एक अक्षर नाही. त्यांना मी दोष देत नाही, चिठ्ठीवर दादाने "ॲसिडिटी" सांगितलं असणार, त्यांनी ॲसिडिटी शोधली. वजनाचं कोणी सांगितलंच नव्हतं, कारण तेव्हा तीन-चार किलोच गेलं होतं.

दुर्बीण करणारा काय बघतो ते सांगतो. रिकाम्या जठराला आतून जाड घड्या असतात, निऱ्या घातल्यासारख्या. नळीतून हवा सोडली की या निऱ्या मोकळ्या होऊन भिंत सपाट, गुळगुळीत होते. कॅन्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फोड, जखम, गाठ येते आणि बहुतेक वेळा तसंच असतं, नवशिक्यालाही दिसतं. पण एक जात अशी आहे की ती गाठ करतच नाही. पेशी सुट्या-सुट्या होऊन अस्तराच्या खालून भिंतीत पसरतात, आजूबाजूला घट्ट तंतू तयार होतात आणि सगळं जठर चामड्याच्या बुधल्यासारखं होऊन बसतं. वरचं अस्तर चांगलं गुलाबी. घराच्या भिंतीत ओल शिरलीय आणि वरून नुकताच रंग मारलाय, तसं. बघणाऱ्याला रंग दिसतो. खूण एवढीच की हवा भरली तरी निऱ्या उघडत नाहीत, आणि पेशंटला दोन फुंकरीतच ढेकर येऊन अस्वस्थ व्हायला होतं. बायोप्सीचा चिमटा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा काढतो, तोही वरवरचा, म्हणजे रंगाचा पापुद्रा. रिपोर्ट येतो जुनाट सूज, कॅन्सर नाही. त्यात खोटं काहीच नसतं, त्या पापुद्र्यात खरंच कॅन्सर नसतो.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गुरुजी यायचे, ५८ वय, हेच, थोडं खाल्लं की पोट गच्च. मी आधी सहा आठवडे गोळ्या दिल्या. मग दुर्बीण, नॉर्मल. बायोप्सी, जुनाट सूज. मी खूश झालो आणि खरं सांगायचं तर तो कागद मिळाल्यावर माझं ऐकणं बंद झालं, पुढचे दोन महिने ते जे सांगत होते त्याला मी "रिपोर्ट नॉर्मल आहे गुरुजी, काळजी सोडा" हे उत्तर देत होतो. एकदा ते म्हणाले, पूर्वी पाण्याचा तांब्या एका दमात संपायचा, आता अर्ध्यावर थांबावं लागतं. पाण्याला! पाण्याला तर चावायचं नसतं की पचवायचं नसतं, त्याला फक्त जागा लागते. त्या दिवशी बेरियम पाजून एक्सरे काढायला पाठवलं, जुनी तपासणी, हल्ली कोणी फारसं करत नाही. फिल्मवर जठराची पिशवी असायला हवी तिथे एक अरुंद नळी होती, वरपासून खालपर्यंत सारखी. मग पुन्हा दुर्बीण केली, यावेळी आधी फोन करून सांगितलं की बाबा निऱ्या बघ आणि एकाच जागी खड्डा पडेपर्यंत खोल तुकडे घे. आठ तुकडे घेतले त्यातल्या खालच्या दोनात अंगठीसारख्या दिसणाऱ्या त्या पेशी मिळाल्या. ऑपरेशनच्या आधी पोटात छोट्या छिद्रातून कॅमेरा घालून पाहिलं तर आतल्या पडद्यावर रव्यासारखे दाणे होते जे सीटीत दिसले नव्हते, त्यामुळे जठर काढण्याचा उपयोग नव्हता. केमोवर अकरा महिने राहिले. माझे साडेतीन महिने वाचले असते तर निकाल बदलला असता असं मी छातीठोकपणे नाही म्हणू शकत, ही जात तशी वाईटच. पण तो माझा बचाव नाही.

अण्णांना हेच आहे असं मी म्हणत नाहीये, हे तू शांतपणे वाच. भिंत जाड करणाऱ्या गोष्टी अजून आहेत, लिम्फोमा आहे जो औषधाने चांगला बरा होऊ शकतो, टीबी आहे. साधा अल्सर आणि त्याचा व्रणसुद्धा असू शकतो. पण यातलं काहीही असलं तरी पुढचं पाऊल तेच आहे, म्हणून एका नॉर्मल कागदावर थांबायचं नाही. आणि अजून एक महिना गोळी वाढवून बघायची नाही, ती गोळी जखम वरवर भरून आणते, वाईट जखमसुद्धा, आणि मग दुर्बिणीला ती ओळखायला अवघड जाते. म्हणून ती पण आता थांबव. छातीत जळजळलं तर जेल चालेल.

तर आता असं करायचं. या आठवड्यात रक्त: हिमोग्लोबिन, आयर्न, क्रिएटिनिन, लिव्हर, अल्ब्युमिन. हिमोग्लोबिन माझ्याकडे गेल्या वर्षीचं १३.४ लिहिलेलं आहे, ते ११च्या खाली आलेलं असेल आणि आयर्न कमी असेल तर या वयाच्या पुरुषात रक्त पोटातून कुठूनतरी जातंय असंच धरायचं. दुर्बीण पुढच्या दहा दिवसांत, मिरजेला मी ज्यांच्याकडे पाठवतो तिथे. चिठ्ठी मी लिहीन, त्यात ॲसिडिटी हा शब्द नसेल. त्यात असेल की ६६ वर्षं, आठ महिन्यांत १२ टक्के वजन, चार घासात पोट भरतं, हवा भरल्यावर जठर किती फुगतं ते लिहावं, निऱ्या जाड दिसल्या तर त्याच जागी एकावर एक असे खोल तुकडे घ्यावेत, आणि वर काही दिसलं नाही तरी जठराच्या वेगवेगळ्या भागांतून तुकडे पाठवावेत. त्यानंतर पोटाचा सीटी, आणि तो करताना आधी पाणी पाजून जठर फुगवून करतात, नाहीतर मिटलेल्या जठराची भिंत कुणाचीही जाडच दिसते. पाणी पिताना अण्णांचं कुठल्या ग्लासाला बास होतं ते मोज, हा पण एक रिपोर्टच आहे. एवढं करूनही संशय राहिला आणि तुकडे कोरे आले तर दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असलेली तपासणी करतात, तिच्यात भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात आणि सुई घालून खोलातला नमुना काढता येतो.

आदल्या दिवशी दुपारनंतर घट्ट काही द्यायचं नाही, पेज, ताक, सरबत एवढंच, आणि रात्री दहानंतर तेही बंद. इतरांना सहा-आठ तास उपास पुरतो पण जठर रिकामं होत नसेल तर भातच दिसतो आत, आणि गुंगीत ते अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते.

अण्णांच्या नकाराचं म्हणशील तर मागच्या वेळी घशात फक्त स्प्रे मारून केली होती, मला दादाने सांगितलंय, अण्णा दोन नर्सना ढकलून उठले होते. यावेळी शिरेतून गुंगीचं इंजेक्शन देऊन करू, त्यांना आठवणार पण नाही. आणि हे त्यांना तू फोनवर समजवायला जाऊ नकोस, तुझा आवाज रडवेला होतो आणि मग ते तुलाच धीर देत बसतात. मी बोलतो. एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो, दादा म्हणेल अण्णांना काही सांगू नका. आपल्याकडे ही पद्धतच आहे, पेशंट बाहेर बाकावर आणि रिपोर्ट आत केबिनमध्ये. मी त्यांना खोटं सांगणार नाही. किती सांगायचं ते तेच ठरवतील, विचारलं तर उत्तर देईन. तीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेला माणूस आहे, स्वतःचं वजन उतरतंय हे त्याला कळत नसेल असं वाटतं तुला?

तोपर्यंत जेवणाचं. ताट समोर ठेवून "अजून एक घास" करत बसू नका, त्याने फक्त जेवायची भीती बसते. छोटी वाटी, दिवसातून सहा-सात वेळा. भाकरी, उसळ, कच्ची काकडी-गाजर हे सध्या बाजूला, त्याने जागा अडते आणि अंगी कमी लागतं. पातळ पदार्थ लवकर खाली सरकतात म्हणून नाचणीची पेज दुधात करा, तिच्यात दोन चमचे दूध पावडर आणि तूप. मुगाची पातळ खिचडी तूप सोडून. अंडं चालतं त्यांना, रोज दोन, मऊ उकडून. पाणी जेवणासोबत नको, मधल्या वेळात घोट-घोट. शुगरची भीती आता धरायची नाही, मी बघतोय ती. आणि ते भूक वाढवायचं सिरप मेडिकलवाल्याकडून आणायचं नाही, भूक आहेच त्यांना.

दहा दिवसांची वाट बघायची नाही अशा गोष्टी पण सांगून ठेवतो. शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली (आयर्नची गोळी चालू नसताना), उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, पाणीसुद्धा थांबेना, किंवा उभं राहिल्यावर चक्कर येऊन पडले तर सरळ ॲडमिट, मला वाटेत फोन करा. आणि आज रात्री दादाला त्यांच्या मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात बोटं फिरवून बघायला सांग, वाटाण्याएवढी टणक गाठ लागते का. लागली तर मी उद्याच घरी येतो. असली तर तिचाच तुकडा आधी तपासू, तो जास्त सोपा असतो.

गुरुवारी संध्याकाळी सात नंतर दवाखान्यात गर्दी नसते, दादाला अण्णांना घेऊन यायला सांग, तू आलीस तर अजून चांगलं. जुने सगळे रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं (रिकामी पण), आयुर्वेदिक काही चालू असेल तर ती बाटलीसुद्धा, लपवू नका. आणि तो पट्टा त्यांच्या कमरेलाच असेल, काढून माझ्या टेबलावर ठेवायला लावणार आहे. ती तीन भोकं कधी-कधी पाडली ते विचारून लिहून ठेवायचंय मला. पहिली दोन भोकं सहा महिन्यांत आणि तिसरं गेल्या पंधरा दिवसांतलं असेल तर मी दुर्बीण दहा दिवसांवर नाही ठेवणार, शनिवारीच करायला सांगेन.